तीन कोटेशनं, पण कशाची?

“सर, ड्रॉइंग पाठवलंय. ५०० नग. बेस्ट रेट द्या, अर्जंट आहे.”

सातपूर एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत दरमागणीचं पत्र बहुधा एवढंच असतं, आणि ते मोबाइलवरून जातं. संध्याकाळपर्यंत तीन आकडे येतात. ते वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक लिहायचे आणि सर्वांत लहान आकड्याला गोल करायचा, की झालं काम. तीन कोटेशनं मागवली म्हणजे तुलना झाली, असं सगळेच धरून चालतात. प्रत्यक्षात तीन जणांनी तीन वेगळ्या वस्तूंचे भाव कळवलेले असतात.

हे कसं होतं ते एका साध्या भागावर पाहू. पुढचे दर हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. भाग मात्र इथल्या पॅनेलवाल्यांच्या रोजच्या कामातला आहे: कंट्रोल पॅनेलमधली एल आकाराची ब्रॅकेट. २०० बाय १५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा, एक बेंड, चार भोकं, दोन एम-८ वेल्ड नट आणि वर आरएएल ७०३५ या फिक्या राखाडी रंगाचं पावडर कोटिंग. वरचा निरोप तीन ठिकाणी गेला आणि उत्तरं आली. ‘अ’ने नगाला ९२ रुपये सांगितले, ‘ब’ने १०८ आणि ‘क’ने ६४.

गैरसमज: ड्रॉइंग दिलं की सगळं दिलं

ड्रॉइंग आकार सांगतं. काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे ते सांगत नाही. ‘क’चे ६४ रुपये निव्वळ लेबरचे होते, पत्रा तुम्ही द्यायचा, तो कापून, वाकवून, रंगवून देणार. त्याने फसवलं नाही. त्याच्याकडे येणारी बहुतेक कामं जॉबवर्कचीच असतात, म्हणून त्याने तसं धरलं. माल कुणाचा, हे निरोपात लिहिलंच नव्हतं.

मागणीपत्रात जी जागा कोरी राहते, ती पुरवठादार आपल्या सवयीने भरतो. त्याला काम हवं असेल तर आकडा लहान दिसेल अशा रीतीने भरतो आणि आधी कधी पोळला असेल तर मोठा करून भरतो. आलेल्या दरांतला बराचसा फरक त्यामुळे कारागिरीचा किंवा नफ्याचा नसतो. आपल्याच कोऱ्या जागांचा असतो.

या ब्रॅकेटमध्ये सर्वांत महागडी कोरी जागा होती कोटिंगची. ड्रॉइंगवर ‘पावडर कोटेड, आरएएल ७०३५’ एवढंच. जाडी नाही, पूर्वप्रक्रिया नाही. ‘अ’ने पत्रा पुसून पातळ कोट धरला. ‘ब’ने सात टाक्यांची प्रक्रिया, म्हणजे तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग आणि मधली धुणी, आणि वर ६० ते ८० मायक्रॉनचा कोट धरला. दोन्ही ब्रॅकेटा टेबलावर शेजारी ठेवल्या तर नुसत्या डोळ्यांनी ओळखू येणार नाहीत. फरक कळतो तो कोटिंगची जाडी मोजणाऱ्या मीटरवर, नाहीतर दोन पावसाळ्यांनंतर कडेने पोपडे सुटायला लागतात तेव्हा.

आणखी एक बारीक गोष्ट. वेल्ड नट आधी लागतो, कोटिंग नंतर होतं. भट्टीत जाण्यापूर्वी आट्यांमध्ये प्लग बसवला नाही तर पावडर आत भाजून घट्ट होते आणि बोल्ट दोन आटे जाऊन अडतो. मग तुमचाच हेल्पर हजार नटांत टॅप फिरवत बसतो. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये दिसत नाही. ‘एम-८ आटे कोटिंगविरहित, बोल्ट हाताने पूर्ण फिरला पाहिजे’ हे एक वाक्य मागणीपत्रात असतं तर प्लगचा खर्च तिघांच्याही दरात आला असता.

गैरसमज: मग सगळंच कडक लिहावं

एकदा हात पोळला की खरेदीवाले दुसऱ्या टोकाला जातात. प्रत्येक मापावर अधिक-उणे ०.०५, प्रत्येक भोकाला तपासणी अहवाल, जमलं तर पत्र्याच्या गिरणीचं नावही. तुलना त्याने सुधारत नाही, उलट बिघडते. चांगला पत्राकाम करणारा अशी इन्क्वायरी पाहून एकतर उत्तर देत नाही किंवा दर भरमसाट लावतो. तिसरा एक प्रकारही आहे: तो मापांकडे पाहतच नाही, नेहमीचा दर लावतो आणि नेहमीचाच माल देतो. कडक अटींच्या कोटेशनांत सर्वांत स्वस्त बहुधा हाच निघतो.

खरं तर ब्रॅकेटवर दोनच मापं महत्त्वाची आहेत: पॅनेलच्या रुळावर बसणाऱ्या दोन भोकांमधलं अंतर आणि बेंडचा कोन. तेवढी दोन ड्रॉइंगवर ठळक करून त्यांच्यावर हवी ती मर्यादा घालावी. बाकीच्यांसाठी ‘सर्वसाधारण टॉलरन्स आयएसओ २७६८-एम’ एवढी ओळ पुरते. त्या तक्त्यानुसार ३० ते १२० मिलिमीटरच्या मापाला अधिक-उणे ०.३ आणि १२० ते ४०० च्या मापाला अधिक-उणे ०.५ मिलिमीटर चालतं. लेझर कटिंग आणि साध्या प्रेस ब्रेकवर हे आरामात मिळतं. पत्र्याचंही तसंच. गिरणीचं नाव घालण्यापेक्षा भारतीय मानकाचा क्रमांक आणि ग्रेड लिहावी आणि मालासोबत टेस्ट सर्टिफिकेट मागावं. नाव घातलंच तर ‘किंवा समतुल्य’ म्हणून चालत नाही. समतुल्य कशात, हेही लिहावं लागतं. नाहीतर तिघं जण त्या शब्दाचे तीन अर्थ लावतात.

गैरसमज: लहान आकडा म्हणजे स्वस्त माल

आता ते तीन आकडे एका पातळीवर आणू. पातळी अशी: माल आपल्या सातपूरच्या गेटवर उतरलेला, पॅकिंगसह, जीएसटी वगळून, पैसे ४५ दिवसांनी. हीच पोच किंमत.

‘क’चे ६४ रुपये लेबरचे. पत्र्याच्या कोऱ्या तुकड्याचं वजन काढणं सोपं आहे: २०० गुणिले १५० गुणिले ३ म्हणजे ९० घनसेंटिमीटर, पोलादाची घनता ७.८५, म्हणून सुमारे ७०७ ग्रॅम. पण पूर्ण शीटमधून तुकडे काढताना मधला आणि कडेचा पत्रा वाया जातो. तो धरून नगाला ८५० ग्रॅम पत्रा लागतो असं मानू. ६० रुपये किलोने ५१ रुपये झाले. एकूण ११५. उरलेलं भंगार परत मिळणार असेल तर त्याचे चारएक रुपये वजा, म्हणजे १११. भंगार कुणाचं, हे लिहिलं नसेल तर ते कापणाऱ्याकडेच राहतं, हा या धंद्यातला अलिखित रिवाज आहे. शिवाय शीट पोचवायचा टेम्पो आणि जॉबवर्कची चलनं सांभाळणं आपल्या गळ्यात, ते वेगळंच.

‘अ’ आहे चाकणचा. त्याला कोटिंगची जाडी स्पष्ट करून विचारलं तेव्हा ९२ चे ९७ झाले. त्याचा दर त्याच्या गेटवरचा, पॅकिंग वेगळं: नगाला २ रुपये. ५०० नगांचा टेम्पो नाशिकला आणायला ३ हजार, म्हणजे नगाला ६. झाले १०५. त्याला निम्मे पैसे माल निघण्याच्या पंधरा दिवस आधी हवेत आणि निम्मे माल निघताना. ‘ब’च्या ४५ दिवसांच्या उधारीशी तुलना केली तर सरासरी बावन्नएक दिवस आपले पैसे आधी अडकतात. कॅश क्रेडिटवर वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर नगामागे सुमारे १ रुपया ७० पैसे. शेवटी फिक्स्चर: बेंडिंग आणि नट-वेल्डिंगसाठी एकदाच १५ हजार रुपये. वर्षात ६ हजार नग घेणार असाल तर नगाला अडीच रुपये. बेरीज १०९ रुपये २० पैसे.

‘ब’ अंबडचा. त्याने १०८ मध्ये सगळं धरलं होतं: माल, ६० ते ८० मायक्रॉन, पॅकिंग, सातपूर पोच, फिक्स्चर त्याचं, पैसे ४५ दिवसांनी.

सुरुवातीला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांच्यात ४४ रुपयांचं अंतर होतं. आता ते तीन रुपयांवर आलं आहे आणि क्रम उलटा झाला आहे. ज्याला महाग म्हणून बाजूला ठेवला असता, तो एका पायरीवर आणल्यावर खाली निघाला. फिक्स्चरची ओळ तर जरा थांबून पाहण्यासारखी आहे. ऑर्डर ६ हजारांची न होता पहिल्या ५०० वरच थांबली, तर ‘अ’च्या फिक्स्चरचा भार नगाला अडीचऐवजी ३० रुपये होतो आणि त्याचा माल १३६ रुपये ७० पैशांना पडतो. म्हणून ‘५०० नग’ ही अपुरी माहिती आहे. एकदाच ५०० की दरमहा ५००? खात्री नसेल तर तसं लिहून १००, ५०० आणि २००० नगांचे वेगवेगळे दर मागावेत. तेव्हा कुणाचा सेटिंगचा खर्च किती आहे, तेही उघड होतं.

गैरसमज: जीएसटी सगळ्यांना सारखाच, त्याकडे पाहायचं कशाला

खरेदीदार आणि पुरवठादार दोघेही नेहमीच्या नोंदणीत असतील तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं आणि तुलना करापूर्वीच्या दरावर करायची. अडचण येते ती एखादा पुरवठादार कंपोझिशन योजनेत असतो तेव्हा. त्याला बिलात वेगळा कर लावता येत नाही, म्हणून त्याचं कोटेशन ‘१०८, नेट’ असं सुटसुटीत दिसतं. शेजारचा म्हणतो ‘१०० अधिक १८ टक्के’, म्हणजे ११८. पाहणाऱ्याला पहिला दहा रुपयांनी स्वस्त वाटतो. पण दुसऱ्याच्या बिलातले १८ रुपये क्रेडिटने वळते होतात, पहिल्याच्या बिलात वळतं करायला काहीच नसतं. नोंदणीकृत कारखान्याला पहिला आठ रुपयांनी महाग पडतो. जिला क्रेडिट मिळत नाही अशा संस्थेसाठी मात्र हाच हिशेब बरोबर उलटा. मागणीपत्रात ‘दर जीएसटी वगळून लिहावा, करदर वेगळा लिहावा, कंपोझिशन योजनेत असल्यास नमूद करावं’ एवढं असलं की पुरतं.

गैरसमज: पैसे कधी द्यायचे ते ऑर्डर देताना बोलू

पैशांची मुदत हा दराचाच भाग आहे, हे वर दिसलंच. ती मोकळी ठेवली की रोखीवर धंदा करणारा आणि ९० दिवस थांबायची तयारी ठेवून दर वाढवणारा, दोघांची उत्तरं एकाच यादीत येतात.

‘९० दिवस’ लिहून दबाव टाकता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी कायदा पाहावा. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराशी लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काही नसेल तर ती १५ दिवसांचीच. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचीही कात्री बसली आहे: मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष दिली त्या वर्षी धरता येते. म्हणून सगळ्यांना ‘४५ दिवस’ हाच पाया देऊन दर मागावा. कुणाला लवकर पैसे घेऊन सूट द्यायची असेल तर त्याने ती वेगळ्या ओळीत लिहावी.

दर किती दिवस टिकणार, हीसुद्धा अट मागणाऱ्यानेच घालावी. कोटेशन म्हणजे कायद्याच्या भाषेत पुरवठादाराचा प्रस्ताव. आपण ऑर्डर देऊन स्वीकारेपर्यंत तो मागे घेऊ शकतो. पत्र्याचा भाव हलता असतो, म्हणून एक जण सात दिवसांचा दर देतो आणि दुसरा तीन महिन्यांची जोखीम धरून दर फुगवतो. उपाय साधा आहे. सगळ्यांनी पत्रा ६० रुपये किलो धरून दर द्यावा आणि नगाला लागणारं एकूण वजन लिहावं. पुढे भाव किलोमागे २ रुपयांनी वर किंवा खाली गेला, तर ८५० ग्रॅमच्या हिशेबाने नगाला १ रुपया ७० पैसे वाढवायचे किंवा कमी करायचे. भांडणाला जागाच उरत नाही. एकूण वजनाच्या या ओळीवरून कोण शीटवर तुकडे नीट मांडतो आणि कोण पत्रा वाया घालवतो, तेही कळतं.

हे सगळं जमवलं तर मागणीपत्र एका पानाचं होतं. त्याचा गाभा असा लिहिता येईल:

“सोबतच्या ड्रॉइंगनुसार (क्रमांक आणि रिव्हिजन वर दिले आहेत) ब्रॅकेट. पत्रा पुरवठादाराचा, टेस्ट सर्टिफिकेटसह, भंगार पुरवठादाराचं. पूर्वप्रक्रिया सात टाक्यांची, कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन, एम-८ आटे कोटिंगविरहित. अपेक्षित गरज दरमहा ५०० नग, पहिली ऑर्डर ५०० ची. त्यापुढची हमी नाही. दर १००, ५०० आणि २००० नगांसाठी. दर सातपूर पोच, पॅकिंगसह, जीएसटी वगळून. पैसे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांनी. पत्रा ६० रुपये किलो धरावा. पत्रा, कटिंग-बेंडिंग-वेल्डिंग, कोटिंग, पॅकिंग, वाहतूक या रकमा वेगळ्या लिहाव्यात. फिक्स्चरचा खर्च असल्यास एकरकमी वेगळा, आणि पैसे भरल्यावर फिक्स्चर आमच्या मालकीचं. दर ३० दिवस वैध. एखादी अट मान्य नसल्यास ‘फरक’ या मथळ्याखाली लिहावी. काही न लिहिल्यास सर्व अटी मान्य असं समजू.”

शेवटच्या वाक्यावर मी सर्वांत जास्त भर देईन. ते नसेल तर पुरवठादाराच्या लेटरहेडच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या अटी हळूच आत येतात, आणि ‘एक्स-वर्क्स, वाहतूक वेगळी’ हे माल निघताना समजतं.

गैरसमज: शंका विचारणाऱ्याला फोनवर सांगून टाकलं की झालं

मागणीपत्र कितीही नेमकं असलं तरी कुणीतरी फोन करणारच: “साहेब, वेल्ड नट चौकोनी चालेल का?” आपण “चालेल” म्हणतो आणि विसरतो. आता त्या एकाचा दर चौकोनी नटाचा, बाकीच्यांचा षटकोनी नटाचा. उत्तर द्यायचं ते सगळ्यांना, लेखी, प्रश्न कुणी विचारला हे न सांगता. उत्तराने काम बदलत असेल तर मुदतही सगळ्यांची वाढवायची.

याहून वाईट सवय म्हणजे एकाचा दर दुसऱ्याच्या कानावर घालणं. “तो १०२ ला तयार आहे, तुझं बोल.” सातपूर-अंबडमध्ये एकाच कोटिंगवाल्याकडे सगळ्यांचे ट्रे लागलेले असतात; कुणाचा दर फिरला हे आठवड्यात सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या इन्क्वायरीला प्रत्येक जण दहा टक्के चढवूनच दर देतो, कारण शेवटी तोडायचे आहेत हे त्याला ठाऊक असतं. मग पहिल्या उत्तरांची तुलना करण्यात अर्थच राहत नाही. सरकारी खरेदीत केंद्रीय दक्षता आयोगाने निविदेनंतरच्या वाटाघाटींना लगाम घातला आहे: त्या फक्त सर्वांत कमी दरवाल्याशी, आणि त्याही अपवादात्मक परिस्थितीत. खाजगी कारखान्याला तो नियम लागू नाही. त्याला वाटाघाटी करता येतात, पण त्या वेगळ्या लिहिलेल्या रकमांवर कराव्यात. ‘ब’च्या कोटेशनमध्ये वाहतूक नगाला ३ रुपये असेल आणि आपला टेम्पो रोज अंबडहून रिकामा परत येत असेल, तर “वाहतूक काढा, माल आम्ही उचलतो” असं म्हणता येतं. यात दुसऱ्या कुणाचा आकडा सांगावाच लागत नाही.

गैरसमज: फाइलला तीन कागद लागले की झालं

बँकेच्या कर्जासाठी किंवा ऑडिटसाठी तीन कोटेशनं लागतात म्हणून एकाच पुरवठादाराला “अजून दोन आणून दे” सांगण्याची पद्धत सगळीकडे आहे. असे कागद ओळखू येतात. तिन्ही दरांत प्रत्येक ओळीला तेवढाच टक्का चढवलेला असतो. एकाच ठिकाणी तीच शुद्धलेखनाची चूक असते. तिन्ही एकाच दिवसाच्या तारखेचे असतात आणि अटींचा क्रमही तोच. खरोखर वेगळ्या तीन कारखान्यांचे आकडे असे समांतर चालूच शकत नाहीत: ज्याचं स्वतःचं लेझर मशीन आहे त्याचं कटिंग स्वस्त असतं, आणि ज्याची स्वतःची कोटिंगची भट्टी आहे त्याचं कोटिंग. वेगळ्या ओळींत दर मागितले की खोटी स्पर्धा दोन मिनिटांत उघडी पडते.

उलट बारा जणांना पत्र पाठवूनही काही साधत नाही. नऊ जण तोंडदेखला दर देतात. हे काम खरोखर करू शकतील असे तीन ते पाच निवडावेत, आणि निवड पत्र पाठवण्यापूर्वीच करावी. ज्याला आपण ऑर्डर देणारच नाही, त्याचा स्वस्त दर तुलनेत येऊन नुसता गोंधळ घालतो. आपल्या तक्त्यात १०८, १०९ आणि १११ अशी तीन उत्तरं उरली होती. तीन रुपयांच्या या फरकाने निर्णय होऊ नये. हिशेबात धरलेलं भंगाराचं वजन, व्याजदर, वर्षाची मागणी यांतलं एखादं जरी थोडं हललं तरी क्रम बदलतो. इथे मी ‘ब’ आणि ‘अ’ दोघांकडून पंचवीस-पंचवीस नमुने मागवेन, तेही नेहमीच्या दराने पैसे मोजून. कोटिंगवर जाडीचा मीटर लावून पाहीन, आणि प्रत्येक नटात बोल्ट हाताने फिरतो का ते तपासून मगच ५०० ची ऑर्डर काढीन.